बारा प्रश्नांतले पाच

धड्यातला किंवा पुस्तकातला एखादा उतारा एआयच्या साधनाला द्यायचा, ‘यावर बारा बहुपर्यायी प्रश्न काढ’ असे सांगायचे आणि चहा येईपर्यंत प्रश्न तयार. शिक्षक, क्लासवाले, वाचनालयात प्रश्नमंजूषा घेणारे हे सर्रास करू लागले आहेत. प्रश्न आता फुकट आहेत. वेळ जातो तो त्यातले कोणते ठेवायचे हे ठरवण्यात, आणि हे काम दिसते तितके सोपे नाही.

एक उतारा घेऊ. सहाच वाक्ये आहेत. मुलांनी तो घरी वाचून यायचा आहे आणि वर्गात उतारा समोर नसताना चाचणी द्यायची आहे.

(१) सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. (२) पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. (३) पण सवर्णांच्या विरोधामुळे तो कागदावरच राहिला. (४) १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (५) दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. (६) त्यानंतर हे लोक देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले.

यावर आलेले प्रश्न साधारण असे असतात:

१. बोले यांचा ठराव कोणत्या वर्षी मंजूर झाला?
२. १९२३चा ठराव कोणी मांडला?
३. चवदार तळे कोणत्या गावी आहे?
४. महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव कोणत्या वर्षी केला?
५. महाडची घटना कोणत्या दिवशी घडली?
६. प्रतिनिधी कोणाच्या नेतृत्वाखाली तळ्यावर गेले?
७. महाडच्या सत्याग्रहाचे नेते कोण?
८. पाण्याच्या हक्कासाठी पुढाकार कोणी घेतला?
९. मनुस्मृतीचे दहन कधी झाले?
१०. तळ्याच्या खटल्याचा उच्च न्यायालयातला निकाल कधी लागला?
११. पुढीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे असे म्हणता येणार नाही?
१२. हल्ल्यांआधी कोणती अफवा उठली?

वाचायला लागण्याआधी एक काम करावे. प्रत्येक प्रश्नापुढे त्याचे उत्तर उताऱ्याच्या कितव्या वाक्यात आहे तो आकडा लिहावा. पाच मिनिटे लागतात, आणि निम्मी निवड तिथेच होते. सहा, सात, आठ या तिघांपुढे ५ हा एकच आकडा येतो. नऊ आणि दहापुढे काहीच लिहिता येत नाही. आणि ३ हा आकडा कुठेच येत नाही.

आधी जुळी भावंडे पाहू. सहा, सात, आठ यांचे अपेक्षित उत्तर एकच, डॉ. आंबेडकर. मग पहिला ठेवून बाकीचे उडवायचे का? तसे डोळे मिटून करू नये, शब्द वाचावेत. आठवा प्रश्न पुनरुक्ती वाटतो, पण तो सदोष आहे. ‘पुढाकार’ बोलेंनीही घेतला होता, म्हणजे पर्यायांत त्यांचे नाव असेल तर दोन उत्तरे बरोबर ठरतात. सातव्यात ‘सत्याग्रह’ हा शब्द आहे, जो उताऱ्यात नाही. राहतो सहावा. त्याचे उत्तर महाराष्ट्रातले मूल उतारा न वाचताही देईल. चाचणीची सुरुवात सोपी असावी म्हणून तो ठेवायला हरकत नाही, मात्र त्याने वाचन तपासले असे समजू नये. तिसरा प्रश्न याच कारणाने जातो, शिवाय त्याचे उत्तर चौथ्या प्रश्नातच छापलेले आहे.

एक आणि दोन ही जोडी वेगळी. एकात वर्ष विचारले आहे, दुसऱ्यात नाव, म्हणून ते जुळे वाटत नाहीत. पण दोन्ही एकाच कागदावर आले की एकाचे उत्तर दुसऱ्यात सापडते. यातला पहिला ठेवावा, कारण दुसऱ्यात १९२३ उघड लिहिले आहे आणि त्याने चौथा प्रश्नही कच्चा होतो. चौथा या संचातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. उताऱ्यात १९२४ कुठेच लिहिलेले नाही. ‘पुढच्याच वर्षी’ हे शब्द आधीच्या वाक्याशी जोडले तरच ते मिळते.

आता फसवे प्रश्न. अवघड प्रश्न आणि फसवा प्रश्न यांत फरक आहे: अवघड प्रश्नात ज्याला समजले आहे तो सुटतो, फसव्यात समजलेलाच अडकतो. अकराव्या प्रश्नात ‘अयोग्य’ आणि ‘म्हणता येणार नाही’ अशा दोन नकारांची गाठ आहे. ती सोडवणे हे इतिहासाचे ज्ञान नव्हे, तो काढावा. ‘अयोग्य विधान कोणते?’ असा एकच नकार, ठळक अक्षरांत, चालतो. पाचवा मात्र साळसूद दिसतो. पर्याय १९ मार्च आणि २० मार्च असे असतील तर ‘महाडची घटना’ म्हणजे परिषद की तळ्यावर जाणे? नीट वाचलेल्या मुलालाच ही शंका येणार, घाईने वाचलेला ठोकून देणार. हा प्रश्न टाकू नये, दुरुस्त करावा: ‘प्रतिनिधी तळ्यावर कोणत्या दिवशी गेले?’

नऊ आणि दहा यांचा मोह सर्वांत जास्त, कारण साधनाने दिलेली उत्तरे बरोबर असू शकतात. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ला झाले आणि निकाल १७ मार्च १९३७ला लागला, हे खरेच आहे. पण ते आपल्या उताऱ्यात नाही. साधनाने महाडबद्दल इतरत्रही पुष्कळ वाचलेले असते आणि सहा वाक्यांत बारा प्रश्नांचा ऐवज नसला की ते तिकडून उसने आणते. (जुळे प्रश्नही याच टंचाईतून येतात.) अशा प्रश्नाने गाइड पाठ केलेल्याला गुण मिळतात आणि दिलेला उतारा मन लावून वाचलेला बसून राहतो. मार्ग दोनच: प्रश्न काढा, किंवा ती माहिती पुस्तकातून पडताळून उताऱ्यात वाक्य वाढवा.

उरले पाच: एक, चार, दुरुस्त केलेला पाच, सहा आणि बारा. पण त्या रिकाम्या राहिलेल्या तिसऱ्या वाक्याचे काय? ठराव झाला तरी पाणी मिळाले नाही, ही तर साऱ्या उताऱ्याची कळ आहे. तारखा आणि नावे नसलेले वाक्य बहुपर्यायी साच्यात सहज बसत नाही, म्हणून ते सुटते. तो प्रश्न आपण हाताने लिहावा: ‘नगरपालिकेच्या ठरावानंतर तीन वर्षांनीही तळ्यावर जाण्याची वेळ का आली?’ दुसरा पहिल्या वाक्याच्या उत्तरार्धावर: ‘बोले यांचा ठराव कोणत्या पाणवठ्यांना लागू होता?’ पर्यायांत ‘गावातील सर्व विहिरी’ ठेवले की ‘सरकारी खर्चाने’ हे शब्द कोणी वाचले ते कळते.

छापण्याआधी हे सात प्रश्न उतारा न वाचलेल्या एखाद्या सहकाऱ्यापुढे ठेवावेत. चारपैकी एक पर्याय अंदाजाने बरोबर येणारच, पण सातपैकी पाच-सहा सुटले तर पर्याय पाहावेत. बहुधा बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांबलचक लिहिलेला असतो.

चाचणी झाल्यावर आणखी एक मोजणी करता येते. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर एकूण गुणांत वरची अकरा आणि खालची अकरा मुले घ्यावीत. सुमारे २७ टक्क्यांचा हा दंडक ट्रुमन केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३९ साली मांडला. समजा, एखादा प्रश्न वरच्यांपैकी चौघांना आला आणि खालच्यांपैकी सात जणांना. फरक उणे तीन, त्याला अकराने भागले की उणे ०.२७. उणे आकडा आला की आधी उत्तरसूची तपासावी, कारण चुकीचे अक्षर छापले गेल्यानेही असेच होते. सूची बरोबर निघाली तर तो प्रश्न पुढच्या वर्षीच्या संचातून काढावा आणि या वर्षी त्याचे गुण सर्वांना द्यावेत.