पुढील महिन्यापासून सही नसलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू होणार नाही

सर्व सहकाऱ्यांना,

पेन ड्राइव्हवरून फायली घेणे-देणे पूर्वीसारखेच चालू राहील. बंद होणार आहे ते पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करणे, मुख्यतः त्यावरच्या प्रणालीला मान्य डिजिटल सही नसेल तेव्हा.

विंडोजचा पासवर्ड विंडोज चालू झाल्यावरच विचारला जातो. त्याआधीच दुसरी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालू झाली, तर तो प्रश्न येतच नाही. डिस्क कूटबद्ध नसेल तर पगारपत्रकापासून ग्राहकांच्या करारांपर्यंत सगळे उघडे पडते. शिवाय विंडोजच्या आधी चालणारा घातक प्रोग्राम संगणकात बसला, तर अँटिव्हायरसला तो सापडणे फार अवघड.

म्हणून प्रत्येक यंत्रावर सिक्युअर बूट चालू करत आहोत. बटण दाबताच मदरबोर्डवरील फर्मवेअर सुरुवातीच्या प्रोग्रामची सही तपासते. ती ओळखीची नसेल किंवा रद्द यादीत असेल, तर पडद्यावर `Secure Boot Violation` असा काहीसा संदेश येतो आणि यंत्र पुढे जात नाही. उबुंटूसारख्या प्रणालींना मान्य सही असते, त्यामुळे त्या अडणार नाहीत. त्याही पेन ड्राइव्हवरून सुरू होऊ नयेत म्हणून बूटचा क्रम आम्ही फर्मवेअरच्या पासवर्डने वेगळा बंद करू.

आपल्या यंत्रावरची स्थिती पाहण्यासाठी `msinfo32` उघडून `Secure Boot State` समोर `On` आहे का बघा. `Off` दिसले तर स्वतः बदलू नका. बिटलॉकर चालू असेल तर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. आम्ही त्याला आधी तात्पुरता थांबवून मगच बदल करू. डिस्कची प्रत काढायचे जुने पेन ड्राइव्ह वापरत असाल, तर ते याच महिन्यात तपासणीसाठी आणून द्या.

— व्यवस्थापक, माहिती तंत्रज्ञान विभाग