सिस्टर, सुईपाशी ठणकतंय

दाह म्हणजे शरीराचा धोक्याचा भोंगा. नर्सिंगच्या मुलींना तो शिकवायचा तर मी त्यांना आधी सलाईन लावलेल्या हाताशी नेते. तिथे हा भोंगा डोळ्यांना दिसतो, हाताला जाणवतो, आणि तो ऐकून काय करायचं हे लगेच ठरवावं लागतं.

असं समजा, न्यूमोनियाचे एक काका दाखल आहेत. उजव्या हाताला कॅन्युला लावून तिसरा दिवस, दिवसातून दोनदा त्यातूनच अँटिबायोटिक जातंय. काका म्हणतात, "सिस्टर, सुईपाशी ठणकतंय." दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी ड्रिपकडे बघते. थेंब नीट पडताहेत, म्हणून ती म्हणते, "चालू आहे की काका!" खरं तर सुई केव्हाच काढलेली असते, शिरेत राहते ती प्लॅस्टिकची बारीक नळी. शिरेचं अस्तर सुजलं तरी त्या नळीतून थेंब पडतच राहतात. त्यामुळे ड्रिप चालू आहे एवढ्यावरून शीर ठीक आहे असं धरता येत नाही.

आता पट्टीभोवतीची कातडी बघा. हात हलला की नळीचं टोक अस्तरावर घासतं, औषधही त्याला झोंबतं. दुखावलेल्या जागेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. त्याने काही मिनिटांतच लहान रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्या जागेत जास्त रक्त येतं. लाली येते ती यामुळेच. ऊबही त्याच रक्ताची असते. हाताची कातडी एरवी शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असते आणि आतलं गरम रक्त तिथे आलं की ती कोमट लागते. आतडं किंवा अपेंडिक्स सुजलं तर तिथे अशी वेगळी ऊब येत नाही, कारण तो भाग मुळातच गरम असतो.

सुजेचं कारण वेगळं. बारीक शिरांच्या भिंतीतल्या पेशी आकसतात, त्यांच्यामध्ये फटी पडतात आणि प्रथिनं असलेलं पाणी बाहेर झिरपतं. पुढच्या काही तासांत पांढऱ्या पेशीही भिंत ओलांडून तिथे पोचतात. मग ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन मज्जातंतूंची टोकं हळवी करतात. एरवी न जाणवणारा पट्टीचा स्पर्शही मग काकांना सहन होत नाही. आयब्युप्रोफेनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. त्याने ठणका उतरतो, पण नळी तिथेच असेल तर मूळ कारण तसंच राहतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने हीच चार लक्षणं एकत्र नोंदवली होती. आज कॅन्युला तपासताना व्हीआयपी नावाचा शून्य ते पाच गुणांचा तक्ता वापरतात, त्याचाही आधार हीच लक्षणं. नुसतं थोडं दुखतंय किंवा नुसती थोडी लाली आहे, तर एक गुण: लक्ष ठेवायचं. दुखणं, लाली, सूज यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली की दोन गुण: कॅन्युला काढून दुसरीकडे लावायची. शीर दोरीसारखी कडक हाताला लागली तर प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं, आणि वर ताप आला तर पाच गुण. अशी शीर कधीही चोळायची नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते. काकांना ठणका होता आणि लालीही होती, म्हणजे दोन गुण. ड्रिप थांबवायची, नळी काढायची, नवी कॅन्युला शक्यतो दुसऱ्या हाताला लावायची आणि वेळेसकट नोंद करायची.

हात सुजलाय पण थंड, फिकट आणि ताणलेला लागतोय, तर गोष्ट वेगळी. तिथे नळी शिरेतून निसटून पाणी मांसात चाललेलं असण्याची शक्यता जास्त. वॉर्डात "सलाईन आउट झालं" म्हणतात ते हेच. तिथेही ड्रिप ताबडतोब बंद करायची आणि औषध जाळणारं असेल तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.

आपल्याकडे सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, फार तर ती जागा जांभळट किंवा नुसती अधिक काळपट वाटते. म्हणून मी मुलींना आपल्या हाताची मागची बाजू रुग्णाच्या दोन्ही हातांवर आळीपाळीने ठेवायला लावते. उबेतला फरक त्यात कळतो. जोडीला हलकं दाबून "दुखतंय का?" असं विचारायचंच.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती केमोथेरपी किंवा बरेच दिवस स्टेरॉईड घेणाऱ्यांची. केमोने पांढऱ्या पेशी घटतात, स्टेरॉईड दाहच दाबून टाकतं. त्यांच्या हातावर संसर्ग असूनही लाली नाही, सूज नाही, पू नाही, असं होऊ शकतं. केमोच्या रुग्णाचा ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला तर कॅन्युलाची जागा कितीही स्वच्छ दिसो, डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करायचा.