व्हॉट्सॲप काढताना मागे काय उरतं?

अँड्रॉइड फोनवरून व्हॉट्सॲप नुसतं अनइन्स्टॉल केलं, तर खातं चालूच राहतं. लोकांना तुम्ही तिथेच दिसता आणि ग्रुपमध्येही नाव राहतं. म्हणून कायमचं सोडायचं असेल, तर क्रम महत्त्वाचा.

हवे असलेले फोटो आधी वेगळे ठेवा. मग गूगल ड्राइव्हमधल्या ‘बॅकअप्स’मध्ये जाऊन व्हॉट्सॲपचा बॅकअप खोडा. त्यानंतर ॲपच्या सेटिंग्जमधून ‘अकाउंट’ आणि ‘डिलीट अकाउंट’ निवडून नंबर टाका. ॲपने सर्व्हरवर नेलेले संपर्क खात्याशी जोडलेले असतात, त्यामुळे ते खात्याबरोबरच जातात. मात्र कंपनीकडची माहिती पुसायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. फोनच्या वहीतले नंबर तसेच राहतात.

शेवटी ॲप काढा आणि फाइल मॅनेजरमध्ये हे फोल्डर शोधा:

```
Android/media/com.whatsapp
```

ते दिसलं, तर आतल्या `Media`मधले फोटो-व्हिडिओ आणि `Databases`मधला स्थानिक बॅकअप अजून फोनवरच आहे; तो हाताने खोडा. गूगल फोटोजने उचललेल्या प्रती तिथे जाऊन वेगळ्या काढाव्या लागतात. तुम्ही इतरांना पाठवलेलं मात्र त्यांच्या फोनवर राहणारच.