एकच गोष्ट चार वेळा सर्च करता? सर्च इंजिनला त्यातून काय कळतं?

मनासारखं उत्तर मिळालं नाही की आपण तक्रार करत नाही, शब्द बदलून पुन्हा सर्च करतो. हीच आपली नाराजी. पण ती ओळखायची, तर आधी कोणते सर्च एकाच कामाचे आहेत हे ठरवावं लागतं. अशा एका गटाला 'सेशन' म्हणतात.

समजा, भोसरीत राहणारा एक आयटीआय झालेला तरुण चाकणमध्ये काम शोधतोय. त्याचा काल्पनिक लॉग असा:

```
13:05:10  chakan job                क्लिक नाही
13:05:40  chakan midc job iti       क्लिक, 8 सेकंद
13:06:30  bhosari to chakan bus     क्लिक नाही
13:07:20  चाकण परमनंट नोकरी          क्लिक, 12 सेकंद
23:40:05  chakan permanent job iti  क्लिक, 240 सेकंद
```

सेशन कुठे तोडायचं?

सर्वात सोपा नियम वेळेचा: दोन सर्चमध्ये ३० मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की नवं सेशन. इथे हा नियम दोनदा चुकतो. बसचा सर्च वेगळ्या कामाचा असूनही त्याच सेशनमध्ये येतो. आणि तरुण सेकंड शिफ्ट करून आल्यावर रात्री तोच शोध पुढे नेतो, तर तो नवा धरला जातो.

म्हणून वेळेसोबत शब्दही जुळवून पाहतात. ओळ १, २ आणि ५ मध्ये 'चाकण' आणि 'जॉब' आहे, त्यामुळे त्या एकत्र येतात. पण ओळ ४ देवनागरीत आहे. तिचं एकही अक्षर बाकीच्यांशी जुळत नाही! मराठी आणि इंग्रजी आलटून पालटून टाइप करणाऱ्यांची साखळी अशीच तुटते. यावर उपाय म्हणजे दोन्ही सर्चमध्ये त्याच वेबसाइट्स येतात का, हे तपासणं.

आता नाराजी वाचूया

साखळी जुळली की बदल दिसतो. आधी 'आयटीआय' शब्द जोडला, म्हणजे शोध नेमका केला. ८ सेकंदांत परत आला, म्हणजे पान बहुधा कामाचं नव्हतं. मग 'परमनंट' शब्द आला. कदाचित आधी फक्त कंत्राटी जाहिराती दिसल्या असाव्यात. त्याला काय हवं होतं, हे पहिल्या सर्चमधून कळलंच नसतं.

मात्र क्लिक नाही म्हणजे नाराजी, असंही नाही. बसची वेळ निकालातच दिसली, तर क्लिक कशाला करायचं?

जोखीम काय?

ऑगस्ट २००६ मध्ये एओएलने संशोधनासाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे जवळपास २ कोटी सर्च खुले केले. नावांच्या जागी फक्त नंबर होते. तरीही एका नंबरचे सर्च एकत्र वाचून न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यामागची महिला शोधून काढली. एकटा सर्च फारसं सांगत नाही. जोडलेली साखळी माणूस कोण, हेही सांगू शकते.