एक दिवा काढला, तर उरलेल्यांचे काय?

तीन अगदी सारखे दिवे घ्या. त्यांना अ, ब आणि क म्हणू. बॅटरीपासून निघालेली तार आधी अ मधून जाते. पुढे तिच्या दोन वाटा होतात, एका वाटेवर ब आणि दुसऱ्या वाटेवर क. त्यानंतर दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येऊन बॅटरीला मिळतात. म्हणजे ब आणि क एकमेकांशी समांतर जोडणीत आहेत, आणि त्या जोडीशी अ एकसर जोडणीत आहे. आता क हा दिवा होल्डरमधून काढून घेतला, तर अ आणि ब यांच्या प्रकाशात काय फरक पडेल?

दहावीच्या मुलांना हा प्रश्न घातला, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर येते. पहिले असे, की क चा वाटा उरलेल्या दोघांना मिळेल आणि दोन्ही दिवे जास्त उजळतील. दुसरे असे, की अ हा क च्या आधी असल्यामुळे त्याला काहीच कळणार नाही. दोन्ही उत्तरे चूक आहेत. अ मंद होतो आणि ब उजळतो. मी वाणिज्य शाखेचा माणूस, पण हे समजून घ्यायला बँकेतल्या व्याजाच्या हिशोबाइतकेही गणित लागत नाही.

दोन नियम लक्षात ठेवले की पुरे. एकसर जोडणीत करंट सगळ्यांना एकच मिळतो आणि व्होल्टेजची वाटणी होते. समांतर जोडणीत व्होल्टेज सगळ्यांना सारखे मिळते आणि करंटची वाटणी होते. दिव्याची शक्ती, म्हणजे वॅट, हा त्याच्या वाट्याला आलेले व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार. दिवे सारखे असले, तर व्होल्टेज निम्मे होताच करंटही निम्मा होतो आणि शक्ती एक चतुर्थांशावर येते. थोडक्यात, शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

आता आकडे घालू. बॅटरी १२ व्होल्टची आणि प्रत्येक दिव्याचा रोध ४ ओहम धरू. असा एकच दिवा थेट बॅटरीला जोडला, तर ३ अँपिअर करंट वाहील आणि दिवा ३६ वॅटने जळेल. ही झाली पूर्ण शक्ती.

तिन्ही दिवे जागेवर असताना ब आणि क मिळून रोध २ ओहमचा होतो, कारण करंटला दोन सारख्या वाटा मिळतात. त्यात अ चे ४ ओहम मिळवले की एकूण ६ ओहम. १२ व्होल्टला ६ ने भागून करंट आला २ अँपिअर. हा सगळा अ मधून जातो, म्हणून अ वर ८ व्होल्ट आणि शक्ती १६ वॅट. उरलेले ४ व्होल्ट ब आणि क या दोघांना मिळतात. प्रत्येकातून १ अँपिअर जातो, म्हणून प्रत्येकी ४ वॅट. सारखे दिवे असूनही अ ची शक्ती ब च्या चौपट आहे.

आता क काढला. एक वाट बंद झाली, त्यामुळे एकूण रोध वाढून ८ ओहम झाला आणि करंट घटून दीड अँपिअर झाला. अ आणि ब आता सरळ एकापाठोपाठ आहेत, म्हणून १२ व्होल्टची निम्मी निम्मी वाटणी होते. प्रत्येकाला ६ व्होल्ट आणि ९ वॅट. अ १६ वरून ९ वर उतरला आणि ब ४ वरून ९ वर चढला. गुणोत्तर सांगायचे तर अ ची शक्ती मूळच्या सोळा भागांपैकी नऊ भाग उरली आणि ब ची सव्वादोन पट झाली. एकूण बेरीज मात्र २४ वरून १८ वॅटवर आली. क चे ४ वॅट कुणाच्या खात्यात जमा झालेले नाहीत. बॅटरीतून निघणारी रक्कमच कमी झाली आणि तिची वाटणी नव्याने झाली.

स्कूटरच्या सिग्नलचे १२ व्होल्टचे तीन सारखे बल्ब घेऊन हे पाहता येते. फक्त आकडे तंतोतंत जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. बल्बची तार तापते तसा तिचा रोध वाढतो, आणि कमी तापलेल्या तारेचा प्रकाश शक्तीपेक्षाही वेगाने घटतो. त्यामुळे सुरुवातीला ब आणि क जेमतेम लालसर दिसतील. पण कोण मंद होतो, कोण उजळतो आणि शेवटी दोघे सारखे दिसतात, हे बदलत नाही. एलईडी दिव्यांचा रोध असा धरता येत नाही, म्हणून त्यांना हा हिशोब लावू नये.

हाच हिशोब घरातल्या जुन्या दिव्यांच्या माळेला लावून पाहण्यासारखा आहे. समजा, ६ व्होल्टचे ४० छोटे बल्ब एकसर जोडून २३० व्होल्टवर चालणारी माळ आहे. प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट येतात. एक बल्ब उडाला की सगळी माळ बंद पडते. अशा वेळी पुष्कळ घरांत उडालेला बल्ब कापून दोन्ही टोके एकमेकांना पिळून जोडतात. माळ लागते, आणि पूर्वीपेक्षा थोडी छानच दिसते.

इथे दिवा काढण्याचा अर्थ बदलला आहे. वरच्या कोड्यात क ची जागा मोकळी राहिली, म्हणून वाट बंद झाली आणि रोध वाढला. माळेत ती जागा तारेने जोडली गेली, म्हणून रोध घटला आणि करंट वाढला. असे ४ बल्ब वगळले, तर उरलेल्या ३६ पैकी प्रत्येकाला सुमारे ६.४ व्होल्ट मिळतात. ४० भागिले ३६, आणि त्याचा वर्ग केला की शक्ती सुमारे २३ टक्के जास्त. ८ वगळले, तर सव्वाचा वर्ग, म्हणजे दीडपटीहून थोडी अधिक. गरम तारेचा रोध वाढत असल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण अशा जादा शक्तीवर बल्बचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणूनच दुरुस्त केलेल्या माळेतले बल्ब पुढे भराभर उडू लागतात, आणि प्रत्येक नवी जोडणी उरलेल्यांवरचा भार आणखी वाढवते. त्याऐवजी उडालेल्या बल्बच्या जागी त्याच व्होल्टचा आणि त्याच वॅटचा बल्ब घालावा.

आणखी एक गोष्ट. बल्ब उडून माळ अंधारी झाली, म्हणजे तिच्यात वीज नाही असे नव्हे. करंट वाहत नसल्यामुळे चांगल्या बल्बांवर व्होल्टेज पडतच नाही, आणि सगळेच्या सगळे २३० व्होल्ट त्या एका तुटलेल्या जागेच्या दोन टोकांवर येऊन उभे राहतात. नेमके त्याच रिकाम्या होल्डरमध्ये आपण बोट घालतो. बटण बंद करून भागत नाही, कारण बटण कधी कधी न्यूट्रलच्या तारेत बसवलेले असते. तेव्हा आधी प्लग काढावा आणि मगच माळेला हात लावावा.