खप व्हायच्या आधीचा हिशेब

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या अ‍ॅस्पेन गावी स्पोर्ट ओबरमेयर नावाची कंपनी आहे. क्लाउस ओबरमेयर हा जर्मन तरुण १९४७ साली तिथे स्कीइंग शिकवायला आला. बर्फात घालायला धड कपडे मिळेनात, म्हणून त्याने पिसांची रजाई कापून जॅकेट शिवलं आणि पुढे तोच त्याचा धंदा झाला. कंपनीचा माल वर्षातून एकाच मोसमात खपतो आणि दर वर्षी बहुतेक जॅकेटं नवी असतात. रंग नवे, कापड नवं, बेतणी नवी. त्यामुळे ‘मागच्या वर्षी हे किती गेलं?’ हा कुठल्याही दुकानदाराच्या तोंडी असलेला प्रश्न इथे विचारताच येत नाही.

वेळेचं गणित त्याहून अवघड. जॅकेटचं डिझाइन करायला घेतल्यापासून ते गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत जवळजवळ दोन वर्षं जातात. हाँगकाँग आणि चीनमधल्या शिवणखात्यांना पहिली ऑर्डर नोव्हेंबरात द्यावी लागे. अमेरिकेतले दुकानदार मात्र पुढच्या मार्चमध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात माल बघत आणि मग ऑर्डरी देत. म्हणजे कापड कापलं जायचं तेव्हा वहीत एकही ऑर्डर नसायची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्ड आणि व्हार्टन इथल्या अभ्यासकांनी कंपनीबरोबर या प्रश्नावर काम केलं. व्यवस्थापनाच्या वर्गांत तो अभ्यास आजही शिकवला जातो, आणि शिकवण्यासारखाच आहे.

आधीची पद्धत आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात दिसेल अशीच होती. खरेदी समितीचे सहा जण एकत्र बसत, चर्चा करत आणि एका आकड्यावर सगळ्यांचं एकमत होई. पण ते एकमत बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याचंच असे. क्लाउस यांचे चिरंजीव वॉली ओबरमेयर यांनी मग नियम बदलला: प्रत्येकाने आपला आकडा स्वतंत्रपणे लिहून द्यायचा. एरवी चर्चेत दबून जाणारी गोष्ट त्यामुळे कागदावर आली. सहा जणांचं एकमेकांशी किती जुळतं, ते दिसू लागलं.

अभ्यासात दिलेले आकडे पाहा. ‘गेल’ नावाच्या जॅकेटसाठी सहा अंदाज आले: ९००, १०००, ९००, १३००, ८०० आणि १२००. सरासरी सुमारे १०१७. ‘स्टेफनी’साठी आले ६००, ९००, १०००, ११००, ९५० आणि एकाचे तब्बल २१२५. सरासरी १११३. दोन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्या आहेत, पण गेलबद्दल माणसं साधारण एका सुरात बोलताहेत आणि स्टेफनीबद्दल त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत. पुढे प्रत्यक्ष विक्रीशी ताडून पाहिल्यावर दिसलं की जिथे समितीत मतभेद मोठे, तिथे अंदाजही जास्त चुकतो. प्रत्यक्षातली चूक समितीतल्या फरकाच्या साधारण दुप्पट धरावी, असं जुन्या अनुभवावरून ठरलं. फरक मोजायला प्रमाण विचलन वापरलं होतं. गेलचं ते १९४ येतं, म्हणून दुप्पट करून ३८८. स्टेफनीचं ५२४, म्हणून १०४८.

आता नोव्हेंबरात किती शिवायला द्यायचं? सरासरीतून ही चूक वजा करून बघा. गेलचे उरतात सहाशेच्या थोडे वर. एवढी तर जाणारच, असं बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येतं. हाँगकाँगचं शिवणखातं एका डिझाइनची ६०० पेक्षा कमी जॅकेटं घ्यायला तयार नसे, तीही अट यात बसते. स्टेफनीचे उरतात जेमतेम ६५. म्हणजे तिला हात लावायचा नाही, थांबायचं. सगळ्याच डिझाइनांची थोडी थोडी जॅकेटं आधी शिवून ठेवण्यापेक्षा ज्यांची खात्री आहे त्यांच्यावर रिकाम्या मशिनी लावायच्या आणि ज्यांचा भरवसा नाही त्यांचा निर्णय बातमी येईपर्यंत लांबवायचा. मला या अभ्यासातली ही सर्वांत हुशार गोष्ट वाटते. अंदाज सुधारण्याआधी तो कुठे कच्चा आहे हे त्यांनी ओळखलं.

आणि बातमी लवकर यावी याचीही सोय केली. लास व्हेगासच्या आधी, फेब्रुवारीतच, कंपनीने आपल्या सर्वांत मोठ्या सुमारे २५ दुकानदारांना अ‍ॅस्पेनला बोलावलं. त्यांनी माल बघायचा आणि ऑर्डरी तिथेच लिहायच्या. एकूण खपापैकी साधारण २० टक्के ऑर्डरी अशा महिनाभर आधी हातात येऊ लागल्या. वीस टक्के म्हणजे काही फार नव्हे, पण ते खरे ग्राहक होते आणि ऑर्डरी खऱ्या पैशांच्या होत्या. तेवढ्यानेच अंदाज कमालीचा सुधारला.

मात्र वीस टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर जायचं, तर कशाने तरी गुणावं लागतं, आणि तो गुणक नव्या मालाकडे नसतो. तो जुन्या, त्याच्यासारख्या मालाकडून उसना घ्यावा लागतो. इथे बरेच जण घसरतात. ‘सारखा माल’ म्हणजे दिसायला सारखा असं ते धरून चालतात. पाहायला हवं ते हे की तो माल कोण घेतं, कुठल्या दुकानातून घेतं, काय भावाने घेतं आणि मोसमात केव्हा घेतं. महागडं जॅकेट मोठे दुकानदार फेब्रुवारीतच उचलत असतील आणि लहान मुलांचं जॅकेट छोट्या दुकानांतून मागाहून जात असेल, तर दोघांचा गुणक एक असूच शकत नाही.

समजा, गेलसारखी पाच जुनी जॅकेटं सापडली आणि त्यांच्या एकूण खपापैकी फेब्रुवारीच्या ऑर्डरींचा वाटा अनुक्रमे १६, १८, २०, २२ आणि २५ टक्के होता. आता गेलच्या फेब्रुवारीत ३०० ऑर्डरी आल्या. पाचांपैकी प्रत्येकाच्या वाट्याने भागा. येतात १८७५, १६६७, १५००, १३६४ आणि १२००. समितीचा अंदाज होता १०१७. पाचही आकडे त्याच्या वर आहेत, तेव्हा समितीने हे जॅकेट कमी लेखलं होतं हे उघड आहे. नेमका खप १५०० होईल असं मात्र कुणी म्हणू नये. बाराशे ते एकोणीसशेच्या आत कुठेतरी, एवढंच म्हणता येतं, आणि ते पुरेसं आहे.

कारण त्या पट्ट्यात कुठे उभं राहायचं हे नफातोटा ठरवतो. या अभ्यासात विकलेल्या जॅकेटवर कंपनीला घाऊक किमतीच्या २४ टक्के सुटत. मोसमाअखेर उरलेलं जॅकेट काढून टाकताना सरासरी ८ टक्के बुडत. म्हणजे कमी माल केल्याचं नुकसान जास्त केल्याच्या तिप्पट. अशा वेळी मधला आकडा धरणं हा काही शहाणपणा नव्हे. जिथे माल पुरण्याची शक्यता पाऊण असेल, तिथवर जायचं. गेलच्या बाबतीत सोळा-सतराशे. दुधाच्या मिठाईसारख्या मालात हिशेब उलटतो, कारण उरलेलं फेकूनच द्यावं लागतं. आकडा तोच असला तरी निर्णय उलटा येतो.

आधीची ऑर्डर नेहमी खरं बोलते असं मात्र नाही. आपल्याकडे याचं मोठं उदाहरण टाटा नॅनोचं आहे. एप्रिल २००९ मध्ये, दोन-सव्वादोन आठवड्यांत, दोन लाखांच्या वर गाड्या पैसे भरून बुक झाल्या. पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडत काढून झाली आणि सुरुवातीचा जाहीर भाव त्यांनाच मिळणार होता. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या क्षमतेने उभा राहिला. नोव्हेंबर २०१० मध्ये विकल्या गेल्या ५०९ गाड्या. पुढे गाडीची सर्वांत चांगली ठरलेली २०११-१२ ची वार्षिक विक्रीसुद्धा पाऊण लाखाच्या आतच राहिली.

बुकिंग खोटं नव्हतं. पण ते कशाचं बुकिंग होतं? भाव ठरलेला, मुदत थोडकी आणि जगभर गाजावाजा. ज्याला ही गाडी कधी ना कधी घ्यायचीच होती, तो त्या दोन आठवड्यांत आला. पुढच्या तीन वर्षांची मागणी एकाच दाराने आत शिरली, आणि दर महिन्याला अशीच गर्दी होईल असं वाटण्यासारखं ते दृश्य होतं. शिवाय भागायला जुना वाटाच नव्हता, कारण अशा भावाची गाडी कुणी विकलीच नव्हती. स्कूटरवाल्या कुटुंबाला डोळ्यांपुढे ठेवून गाडी केली, पण स्कूटर घेणाऱ्याची खरेदी आणि गाडी घेणाऱ्याची खरेदी सारखी नसते. कर्ज वेगळं, पार्किंग वेगळं, आणि चारचौघांत काय दिसावं याची अपेक्षाही वेगळी. नॅनो फसली त्याला सिंगूरपासून इतर कारणंही आहेत, पण मागणीच्या हिशेबापुरतं बोलायचं तर उसना घ्यायला योग्य गुणकच नव्हता.

मराठी प्रकाशकांना यातलं अर्धं शास्त्र उपजत ठाऊक असतं. प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात द्यायची, आलेल्या नोंदणीवर पहिली आवृत्ती हजाराची काढायची की दोन हजारांची ते ठरवायचं. त्यातही तोच धोका असतो. लेखकाचा पक्का वाचक सवलतीत आधीच पुस्तक घेऊन मोकळा होतो, आणि पुस्तक दुकानांत गेल्यावर उठाव थंडावतो. म्हणून नोंदणी बघताना त्याच लेखकाच्या मागच्या पुस्तकाला सवलतीत किती आणि मागाहून किती प्रती गेल्या, हे शेजारी ठेवलं पाहिजे.

किराणा दुकानांतून जाणाऱ्या मालात आणखी एक फसगत असते. नवा मसाला बाजारात आणला, चाळीस दुकानांनी एकेक पेटी घेतली, चाळीस पेट्या गेल्या. पण त्या कपाटात गेल्या, स्वयंपाकघरात नाही. नव्या मालाची पहिली पेटी दुकानदार वितरकाला खूश ठेवायलाही घेतो. बघायचं ते दुसऱ्या खेपेला. महिन्याभरात चाळीसपैकी किती जणांनी परत ऑर्डर दिली, आणि विचारायला गेलं तर पहिल्या पेटीतली किती पाकिटं शिल्लक आहेत. पंचवीस दुकानांनी पुन्हा मागवलं असेल तर पुढच्या खेपेचा हिशेब त्या पंचवीसवर मांडायचा, चाळीसवर नाही. उरलेल्या पंधरांकडून परतीचा माल येणार हे धरून चालायचं.

तुमचा धंदा लहान असेल, तर एवढं करा. नवा माल काढाल तेव्हा पहिल्या आठ-दहा आठवड्यांच्या ऑर्डरी तारखेसकट वेगळ्या लिहून ठेवा. पहिली कोणती, परत आलेली कोणती, सवलतीतली कोणती, अशी खूण करून. वर्षअखेरचा एकूण खपाचा आकडा सगळेच ठेवतात. पुढच्या नव्या मालाला गुणक मिळतो तो या पहिल्या आठवड्यांच्या नोंदीतून, आणि ती मागाहून कुठूनही मिळवता येत नाही.