तत्काराची खोली आणि दुखणारी नडगी

अमडापूरचे एक गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी कथक शिकते आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेची तयारी करते आहे. महिनाभर तिच्या दोन्ही नडग्या दुखत होत्या. मालीश झाली, शेक झाला, गोळ्या झाल्या. ‘बाईंच्या वर्गात दुखत नाही, घरीच दुखतं,’ असे ती म्हणाली, तेव्हा मी घरच्या खोलीविषयी विचारले. नवे बांधकाम, सिमेंटचा कोबा आणि त्यावर गुळगुळीत टाइल्स!

वाचकहो, थोडा हिशेब करा. सेकंदाला एक मात्रा धरली तर दुगुनीत पाय मिनिटाला १२० वेळा जमिनीवर पडतो. वीस मिनिटांचा तत्कार म्हणजे २,४०० आघात. कोबा तसूभरही दबत नाही, म्हणून तो सारा धक्का पोटरीचे स्नायू आणि नडगीचे हाड सोसतात.

तिचे दुखणे नडगीच्या आतल्या कडेला, चांगले वीतभर पसरलेले होते आणि विश्रांतीने थांबत होते. हा स्नायू व हाडावरच्या आवरणाला बसलेला ताण. मात्र बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी तीव्र दुखत असेल, रात्री निजल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घ्यावी आणि नाच तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये ही चीर बहुधा दिसत नाही, म्हणून ‘फोटो चांगला आला’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

वडिलांनी आधी सतरंजी अंथरली होती, मग गादी. दोन्ही चूक. सतरंजी सरकते, आणि चक्कर घेताना टाच तिच्यात अडकली की गुडघा पिळला जातो. गादीवर घोटा मुरगळतो. जमीन किंचित दबून लगेच वर यावी, एवढेच हवे असते.

त्यासाठी लाकडी तळ घालावा लागतो. खोली दहा बाय बाराची होती, पण सगळी झाकायची गरज नव्हती. प्लायवूडचा ताव आठ बाय चार फुटांचा येतो, म्हणून आठ बाय आठचा तळ ठरला. दोन इंच रुंद, एक इंच जाड अशा आठ फुटी नऊ पट्ट्या फुटाफुटावर मांडल्या. प्रत्येक पट्टीखाली फुटाफुटावर चपलेच्या तळाला लावतात त्या रबराचे एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे चिकटवले. गादीचा स्पंज येथे चालत नाही. तो वजनाने चपटा होतो आणि तसाच राहतो. पट्ट्यांवर १२ मिलिमीटर प्लायचे दोन ताव आडवे बसवले, त्यावर आणखी दोन उभे, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येत नाही. खिळे मारू नयेत, ते कालांतराने वर येऊन अनवाणी पायात घुसतात. दीड इंची स्क्रू लावून त्यांची डोकी लाकडात बुडवावीत. वर चकाकणारे पॉलिश नको, पाय घसरतो. पट्ट्यांना वाळवीचे औषध मात्र आधीच पाजावे.

तळ जमिनीपासून सव्वादोन इंच उंच झाला. दार आत उघडते, म्हणून दाराकडची जागा मोकळी सोडली. नाहीतर दार खालून कापावे लागले असते. कडेला पिवळा पट्टा रंगवला, ठेच लागू नये म्हणून.

तळ भिंतीला टेकू देऊ नये, निदान अर्धा इंच फट हवी. पायाचा ठोका भिंतीतून शेजाऱ्याच्या खोलीत जातो तो याच स्पर्शातून. पट्ट्यांमधली पोकळी ढोलासारखी घुमते, तिथे जुन्या गोधड्यांचे तुकडे सैल भरले. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावण्याची एक टूम आहे. त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होत असेल, पण आवाज बाहेर जायचा थांबत नाही. त्यापेक्षा दाराखालची फट बुजवा.

आरसा एकाच भिंतीला, समोर लावावा. बाजूला लावला तर मुली मान वळवून पाहत नाचतात आणि मग मानेची तक्रार सुरू होते. त्याची खालची कड तळाच्या जवळ असावी, पाय दिसले पाहिजेत. खिडकीच्या अगदी समोर नको, उजेड डोळ्यांवर येतो. आरशावर पडदा ठेवायला सांगितला आहे, कारण परीक्षेत समोर आरसा नसतो.

तळ तयार झाल्यावर मी वडिलांना एक चाचणी सांगितली. मुलीने मधोमध पाय आपटावा आणि त्यांनी हातभर अंतरावर अनवाणी उभे राहावे. तळव्याला हलका हेलकावा जाणवून लगेच थांबला तर ठीक. जमीन थरथरत राहिली तर पट्ट्या सैल आहेत, काहीच जाणवले नाही तर रबर कडक आहे. त्यांना कोपऱ्यात काही जाणवेना. उघडून पाहिले तर सुताराने तिथे रबराऐवजी लाकडाच्या चिपा सारल्या होत्या.


दोन आठवडे पूर्ण विश्रांती, मग पहिले आठ दिवस फक्त ठाय लयीत दहा मिनिटे, घुंगरांशिवाय. दुखले नाही तरच वेळ वाढवायची, असे तिला लिहून दिले आहे.